वॉटरप्रूफ केलेल्या गच्चीवर पेडेस्टलची फरशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरची उत्तरं एकच गच्ची समोर ठेवून दिली आहेत. पुण्यातल्या इमारतीतली फ्लॅटला लागून असलेली गच्ची, साधारण २० फूट बाय १६ फूट. प्लास्टरपासून प्लास्टरपर्यंत मोजली तर ६.०५ मीटर बाय ४.८५ मीटर. स्लॅबवर विटांचा कोबा, त्यावर सिमेंटचा गुळगुळीत थर आणि सगळ्यात वर वॉटरप्रूफिंगचा मेंब्रेन, म्हणजे पाणी अडवणारा अखंड पातळ थर. उतार लांबीच्या दिशेने, १०० ला १. दाराची बाजू उंच, समोरच्या कठड्याजवळ पाणी जाण्याचा आउटलेट. मालकांना इथे बसायला जागा आणि कुंड्यांची बाग हवी आहे.

पेडेस्टलची फरशी म्हणजे नेमकं काय?

कडक प्लास्टिकचे, म्हणजे पॉलिप्रॉपिलिनचे, आटे फिरवून उंची कमी-जास्त करता येणारे ठोकळे मेंब्रेनवर नुसते ठेवायचे आणि चार फरश्यांचे कोपरे एका ठोकळ्यावर टेकवायचे. ठोकळ्याच्या डोक्यावर चार उभे कान असतात. त्यांनी दोन फरश्यांमध्ये साधारण ३ मिमी फट आपोआप राखली जाते. सिमेंट नाही, खिळा नाही, गोंद नाही, फटींत भरणीही नाही.

पाऊस फटींतून खाली जातो, मेंब्रेनवरून उताराने वाहतो आणि आउटलेटला मिळतो. वरची फरशी मात्र पूर्ण सपाट राहते, त्यामुळे टेबल डुगडुगत नाही. कुठलीही फरशी उचलली की खालचा मेंब्रेन डोळ्यांसमोर येतो, आणि या पद्धतीचा खरा फायदा तोच आहे.

मेंब्रेनवर सरळ सिमेंट-वाळू टाकून फरशी का बसवू नये? गवंडी तर तसंच करतात.

करतात, आणि वॉटरप्रूफिंग पक्कं असेल तर काही वर्षं निभावतंही. अडचण दोन ठिकाणी येते. पहिली वजनाची. ५० मिमी जाडीचा मसाला म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे १०० किलो, फरशी वेगळी. पेडेस्टल आणि २० मिमीची फरशी मिळून ५० किलोच्या आसपास होतात.

दुसरी गळती शोधण्याची. मसाल्याचा थर स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो. पाणी एकीकडे शिरतं आणि खालच्या छतावर दुसरीकडेच ओल उमटते. मग डाग पाहून कुठे फोडायचं ते ठरत नाही, सगळी फरशी फोडावी लागते, आणि फोडताना छिन्नी मेंब्रेनमध्ये जाते ती वेगळीच. पेडेस्टलवरच्या फरश्या दोन माणसं उचलून बाजूला ठेवतात.

एवढ्या छोट्या ठोकळ्यांवर भार आला की मेंब्रेन चिरडणार नाही का?

हा प्रश्न जवळजवळ सगळे विचारतात, म्हणून हिशेबच मांडू. ६०० बाय ६०० च्या फरश्यांमध्ये आतल्या एका पेडेस्टलच्या वाट्याला फार तर ०.३६ चौरस मीटर येतं. फरशीचे ५० आणि माणसांच्या वावराचे १५० असे दर चौरस मीटरला २०० किलो धरले, तर एका पेडेस्टलवर ७२ किलो. तळ २०० मिमी व्यासाचा, म्हणजे ३१४ चौरस सेंटिमीटर. चौरस सेंटिमीटरला पाव किलोसुद्धा भरत नाही. मेंब्रेनवर एका पायावर उभा राहिलेला माणूस याहून जास्त दाब देतो.

मेंब्रेन वजनाने फाटत नाही, टोकाने फाटतो. पेडेस्टलच्या तळाखाली वाळूचा एक खडा अडकला की तो सगळा भार टाचणीएवढ्या जागी येतो. उन्हाने डांबरी मेंब्रेन मऊ झाला की दुपारच्या दुपारी खडा आत रुततो. फरशीवर माणसं चालली की तळ केसभर हलतो आणि खडा रवीसारखा फिरतो. पुढच्या पावसाळ्यात खालच्या खोलीत रुपयाएवढा डाग दिसतो. म्हणून पेडेस्टल ठेवण्याआधी गच्ची नुसती झाडून चालत नाही. झाडायची, ओल्या फडक्याने पुसायची आणि मग ज्या जागी तळ येणार तिथे तळहात फिरवून पाहायचा. हाताला खडा लागतो, नजरेला लागत नाही.

मग मेंब्रेन आणि पेडेस्टलच्या मध्ये काही घालायचं का?

हो. डांबरी मेंब्रेन असेल तर त्याच मेंब्रेनच्या उरलेल्या तुकड्यांतून साधारण २५० मिमीचे चौकोन कापून प्रत्येक तळाखाली सुटे ठेवा. पीयूचं, म्हणजे ब्रशने किंवा रोलरने लावलेलं पॉलियुरेथेनचं कोटिंग असेल, तर ३०० जीएसएम जिओटेक्स्टाइलचे, म्हणजे दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणाऱ्या कृत्रिम धाग्यांच्या कापडाचे, तसेच चौकोन.

पूर्ण गच्चीवर जिओटेक्स्टाइल अंथरावं असं काही जण सांगतात. आमचं मत उलट आहे. अखंड कापड माती धरतं, ओलं राहतं, उतारावर पाण्याला अडवतं, आणि फरशी उचलली तरी मेंब्रेन झाकलेलाच. चौकोन पुरेसे आहेत.

पीव्हीसीच्या चादरीचा मेंब्रेन असेल तर त्यावर डांबरी तुकडा कधीही ठेवू नका. डांबराच्या संपर्काने पीव्हीसी कडक होऊन तडकतो. तिथे जिओटेक्स्टाइलच वापरायचं.

सुरुवात करण्याआधी गच्चीची कोणती तपासणी करायची?

पाणी साठवण्याची चाचणी, आणि तीही पूर्ण ७२ तास. आउटलेट, आणि कठड्यात जादा पाण्याची नळी असेल तर तीही, बंद करायची आणि दाराजवळच्या सर्वांत उंच भागावर २५ मिमी पाणी येईल इतकं भरायचं. आपल्या गच्चीचा उतार ६ मीटरवर ६० मिमी आहे, त्यामुळे आउटलेटपाशी ८५ मिमी पाणी असेल. सरासरी ५५ मिमी, म्हणजे सुमारे १६०० लिटर. हे पाणी सोसायटीच्या टाकीतून घ्यायचं की टँकर बोलवायचा ते आधी ठरवा. जुन्या इमारतीत स्लॅबला हे वजन झेपेल का, तेही आधी विचारून घ्या.

कठड्यावर पाण्याच्या पातळीची पेन्सिलीने खूण करा. शेजारी पाण्याने भरलेली बादली ठेवा आणि तिच्यातही खूण करा. उन्हाने दोन्हीकडचं पाणी उडणार. बादली ५ मिमी उतरली आणि गच्चीही तेवढीच, तर काळजी नाही. गच्ची १२ मिमी उतरली असेल, तर पाणी कुठेतरी जातंय. रोज सकाळी खालच्या मजल्यावरच्या छताचे कोपरे, पंख्याचा हूक आणि दिव्यांची पॉइंट्स पाहायला विसरू नका. स्लॅबमधलं पाणी बहुतेक वेळा तिथून डोकावतं.

पाणी सोडल्यावर लगेच आत जाऊ नका, तासाभराने बघा. डबकं कुठे राहतं? ५ मिमीपेक्षा खोल डबकं असेल तर फरशीआधी तो खळगा भरून त्यावर पुन्हा वॉटरप्रूफिंग करायचं. एकदा फरशी आली की ते डबकं दिसणार नाही, पण एडिस डासाला ते सापडतं. त्याची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ आठ-दहा दिवसांत होते आणि पावसाळ्यात फरशीखालची सावलीतली डबकी त्याहून जास्त टिकतात.

मेंब्रेनवर फुगे आहेत का, हेही याच वेळी पाहायचं. विटांच्या कोब्यात ओल राहून वर मेंब्रेन चिकटवला तर उन्हात वाफ होऊन फुगा येतो. फुग्यावर पेडेस्टल ठेवलं की फुगा दबतो, कडेने ताणतो आणि चिरतो.

कोबा किंवा चायना मोझॅक असलेल्या जुन्या गच्चीवर, नवीन मेंब्रेन न लावता, हे चालेल का?

७२ तासांची चाचणी पार झाली आणि हातोडीच्या दांड्याने ठोकल्यावर पोकळ आवाज आला नाही, तर चालेल. चायना मोझॅकच्या उचललेल्या कपच्यांना धार असते, पण तिथे मेंब्रेन नसल्याने भीती डगमगण्याची असते. चौकोन जाड ठेवा. गळती आधीच सुरू असेल तर वरून फरशी घालून ती झाकू नका. हे लिहायची वेळ यावी याचंच वाईट वाटतं, पण येते.

किती पेडेस्टल लागतील? कोणत्या उंचीची?

आपल्याच गच्चीवर मोजू. ६०० ची फरशी आणि ३ मिमीची फट. लांबीत १० फरश्या म्हणजे ६.०२७ मीटर, रुंदीत ८ फरश्या म्हणजे ४.८२१ मीटर. दोन्ही बाजूंना भिंतीपाशी १२ ते १५ मिमी जागा उरते. हे माप आम्ही मुद्दाम नीट बसणारं घेतलंय. तुमच्या गच्चीवर एका बाजूला कापलेली फरशी येणारच. ती अर्ध्या फरशीपेक्षा अरुंद येत असेल तर दोन्ही कडांना वाटून घ्या, कारण १०० मिमीची पट्टी पेडेस्टलवर कधीच स्थिर बसत नाही.

८० फरश्यांच्या कोपऱ्यांसाठी ११ गुणिले ९, म्हणजे ९९ पेडेस्टल. त्याशिवाय प्रत्येक फरशीच्या मध्यभागी एक, म्हणून आणखी ८०. एकूण १७९. मधलं पेडेस्टल वाचवावंसं वाटतं, पण २० मिमीची पोर्सेलिन फरशी कडक असली तरी ठिसूळ असते. कुंडी हातातून निसटून मधोमध पडली तर फरशी सरळ दुभंगते. मध्ये आधार असेल तर ती शक्यता बरीच कमी होते.

आता उंची. दाराच्या बाजूला पेडेस्टल ४० मिमी धरलं तर दर ओळीला उतारामुळे ६ मिमी वाढतात: ४०, ४६, ५२ असं करत शेवटच्या, अकराव्या ओळीला १०० मिमी. कंपन्यांचे मापाचे टप्पे थोडे वेगळे असतात. ३५ ते ५०, ५० ते ७५ आणि ७५ ते १२० असे तीन टप्पे धरले, तर कोपऱ्यांसाठी अनुक्रमे १८, ३६ आणि ४५ लागतील, मधल्यांसाठी १६, ३२ आणि ३२. म्हणजे ऑर्डर ३४, ६८ आणि ७७ ची. वर प्रत्येक मापाचे चार-पाच जास्त घ्या, कारण कोब्याचा उतार कागदावरच्या उताराइतका सरळ कधीच नसतो.

ऑर्डरआधी खरी मोजणी करा. पारदर्शक लेव्हल ट्यूबने किंवा लेसरने तयार फरशीची पातळी चारही भिंतींवर आखा, आडव्या-उभ्या दोऱ्या ताणा आणि दर मीटरला दोरीपासून मेंब्रेनपर्यंतचं अंतर लिहा. त्यातून फरशीचे २० मिमी वजा केले की पेडेस्टलची उंची मिळते.

उतार दुरुस्त करणारी चकती खरंच लागते का?

लागते. १ टक्का उतारावर पेडेस्टल किंचित कलतं आणि त्याचं डोकंही कलतं. १५० मिमी रुंद डोक्याच्या दोन कडांमध्ये दीड मिमीचा फरक पडतो. ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण फरशी डोक्याच्या एकाच कडेवर टेकते आणि पाय पडला की खडखडते. चकतीवर टक्के आणि बाणाची खूण असते. बाण कोणत्या बाजूला ठेवायचा ते कंपनीच्या कागदावर बघा, चुकून उलटा बसला तर कल दुप्पट होतो. सगळ्या चकत्या एकाच दिशेला आहेत ना, हे फरशी ठेवण्याआधी खाली वाकून एकदा नजरेखालून घाला.

प्रत्यक्ष काम कोणत्या क्रमाने करायचं?

गच्ची स्वच्छ करून चौकोन पसरले की दाराच्या बाजूच्या, काटकोनात असलेल्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची. दोन दोऱ्या एकमेकींशी काटकोनात ताणायच्या. काटकोन तपासायला ३-४-५ ची रीत पुरते. एका दोरीवर ३ मीटर, दुसरीवर ४ मीटर, आणि तिरकं माप बरोबर ५ मीटर यायला हवं. भिंती काटकोनात नसतील तर दोरीला प्रमाण माना, भिंतीला नाही. फरक कडेच्या फरशीत जिरवायचा.

पेडेस्टलची उंची हातात धरून ठरवा, मग ते खाली ठेवा. मेंब्रेनवर टेकवून, दाबून, गरगर फिरवणं ही साइटवरची सगळ्यात सामान्य चूक आहे, कारण तळ मेंब्रेनवर घासतो. फरशी ठेवल्यावर शेवटचा मिमी-दोन मिमीचा फरक वरून, फटीतून किल्ली घालून करायचा. आटे किती उघडायचे याची मर्यादेची खूण पेडेस्टलवर असते. ती ओलांडली की धरायला आटे उरत नाहीत. तिथे पुढचं माप घ्या.

एक फरशी साधारण १७ किलोची. ८० फरश्या म्हणजे १३६० किलो. टेम्पोतून उतरवलेला सगळा माल गच्चीच्या मधोमध एका ढिगात लावू नका. कडेच्या भिंतींलगत प्लायवूड टाकून चार-चार, पाच-पाचच्या थप्प्या करा. एकदा दोन ओळी झाल्या की माणसांनी बसलेल्या फरशीवरूनच पुढे जायचं, उघड्या मेंब्रेनवरून नाही.

फरशी गच्चीवर कापायची नाही. कटरच्या ठिणग्या आणि धारदार कपच्या मेंब्रेनवर उडतात, आणि पाणी घालून कापलं तर तो चिखल आउटलेटमध्ये जाऊन घट्ट बसतो. खाली अंगणात कापा, धुवा आणि वर आणा.

भिंतीलगतच्या वाट्यावर पेडेस्टल बसत नाही. तिथे काय करायचं?

भिंत आणि गच्चीच्या सांध्यात वॉटरप्रूफिंगवाले जो वाटा काढतात, ती गोलाई, साधारण ७५ मिमीची असते. त्यावर पेडेस्टलचा तळ अर्धा चढतो आणि कलंडतो. अनेक ठिकाणी गवंडी वाटा छिन्नीने तासतो. असं कधीही करू देऊ नका. गच्चीतला मेंब्रेन सर्वांत आधी गळतो तो याच सांध्यात.

कडेच्या पेडेस्टलचे कान तोडून टाका, बहुतेक ते खाचेवर मोडतात, आणि पेडेस्टल वाट्यापासून सुटं, आतल्या बाजूला सरकवून फरशीखाली ठेवा. तळाची एक बाजू बऱ्याच पेडेस्टलांत कापता येते. त्यामुळे फरशीची कड १२५ मिमीच्या आसपास पुढे येते. मधलं पेडेस्टल असल्यामुळे ती उलटत नाही. मग फरशी आणि भिंतीच्या मध्ये, चार-पाच ठिकाणी, कडेसाठी मिळणाऱ्या स्प्रिंग पट्ट्या किंवा रबराचे तुकडे बसवा. चारही बाजूंनी अडवलेली फरशी सरकत नाही. एक बाजू मोकळी सोडली तर वर्षभरात फटी तिकडे पळतात.

दाराचा उंबरा किती उंच हवा?

दारापाशी तयार फरशी मेंब्रेनपासून ६० मिमी वर येईल. वॉटरप्रूफिंग भिंतीवर आणि उंबऱ्यावर मेंब्रेनपासून किमान १५० मिमी चढलेलं असायला हवं. म्हणजे फरशीच्या वर अजून ९० मिमी. अनेक फ्लॅटमध्ये आतली लादी गच्चीपेक्षा जेमतेम ७५ मिमी उंच असते. तिथे उंबरा वाढवावा लागतो, किंवा दारापाशी १०-१२ मिमीचे ठराविक उंचीचे पॅड वापरून फरशी खाली उतरवावी लागते.

उंबऱ्याइतकीच महत्त्वाची दुसरी सोय म्हणजे जादा पाण्याची नळी. आउटलेट पानांनी तुंबला असं धरा. आपल्या उतारात पाणी दारापर्यंत पोहोचेपर्यंत सुमारे ८८० लिटर मावतं. तासाला १०० मिमी असा पाऊस कोसळला तर २९ चौरस मीटरवर तासाला २९०० लिटर पाणी पडतं. म्हणजे १८ मिनिटांत पाणी दारात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस झाला होता, त्यामुळे हा हिशेब उगाच घाबरवण्यासाठी नाही. आउटलेटच्या बाजूच्या कठड्यात ७५ मिमीची नळी अशी बसवा की तिचा तळ मेंब्रेनपासून ५० मिमीवर येईल. मग पाणी दाराच्या पातळीच्या १० मिमी खालीच बाहेर पडू लागेल, आणि नळीतून धार पडताना दिसली की आउटलेट तुंबलाय हेही कळेल. ही नळी मेंब्रेन लावण्याआधी बसवायची असते, नंतर भोक पाडून नाही.

कोणती फरशी घ्यायची? शहाबादी चालेल?

२० मिमी जाडीची, बाहेरच्या वापरासाठी बनवलेली, खरखरीत पोर्सेलिन फरशी घ्या. मोरबीच्या कारखान्यांतून ती येते आणि आता सहज मिळते. घरात लावतात ती ८-१० मिमीची व्हिट्रिफाइड टाइल इथे अजिबात चालत नाही. तिला खालून अखंड आधार लागतो, चार टोकांवर ठेवली तर पहिल्याच पाहुण्याच्या पायाखाली ती तडकेल.

शहाबादी किंवा तांदूरची फरशी दिसायला सुंदर, पण एकाच फरशीचा एक कोपरा २२ मिमी आणि दुसरा २८ मिमी असू शकतो. प्रत्येक कोपऱ्याखाली वेगळ्या पट्ट्या घालत बसावं लागतं. शिवाय थराथराचा दगड आहे, मध्येच पदर सुटतो. हौस असेल तर मशीनने जाडी एकसारखी केलेलीच घ्या, किमान ३० मिमीची. मग वजन चौरस मीटरला ८० किलोच्या वर जातं, हे विसरू नका.

कुंड्या कुठे आणि किती?

स्लॅबची खरी परीक्षा इथे होते. लोक येतात-जातात अशा गच्चीसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला १५० किलो वावराचा भार धरतात. आता ६०० बाय ६०० ची कुंडी घ्या, ३५० मिमी माती. १२६ लिटर लाल माती पावसात भिजली की सुमारे २२५ किलो. तेवढ्या जागेवर हा भार चौरस मीटरला ६०० किलोच्या वर जातो. तीच कुंडी कोकोपीट, कंपोस्ट आणि थोड्या मातीच्या मिश्रणाने भरली तर भिजूनही १२५ किलोच्या आसपास राहते. मोठ्या कुंड्या कडेने, भिंती आणि बीम जिथे खाली आहेत तिथे ठेवा. मधल्या भागात फक्त पालेभाज्यांचे उथळ ट्रे. जुन्या इमारतीत हे ठरवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला नकाशा दाखवा.

कुंडीचे पाय फरशीच्या मध्ये न येता पेडेस्टलच्या वर येतील असं बघा. जड कुंडी ओढायची नाही, उचलायची. ओढली की फरशी सरकते, फरशीबरोबर पेडेस्टल सरकतं आणि तळाखालचा चौकोन निसटतो.

कुंडीच्या भोकातून माती वाहू नये म्हणून तळाशी जिओटेक्स्टाइलचा तुकडा घाला. फटीतून खाली गेलेली माती आउटलेटकडे जाते, तिथे साचते आणि त्यात पिंपळ उगवतो.

पिंपळ? फरशीखाली?

हो. वड, पिंपळ, उंबर यांच्या बिया पक्ष्यांच्या विष्ठेतून येतात आणि चिमूटभर मातीत रुजतात. त्यांची मुळं सांधा शोधतात. दोन पानांचं रोप बोटांनी निघतं, दोन फुटांचं निघत नाही. तोडलं तरी मूळ मेंब्रेनच्या जोडात राहतं आणि पुन्हा फुटतं. महिन्यातून एकदा फटींवरून नजर फिरवा. बांबू आणि बोगनवेल ठेवायचीच असेल तर बंद तळाच्या, पायावर उचललेल्या कुंडीत, म्हणजे मूळ भोकातून बाहेर येतंय का ते दिसेल.

वाऱ्याने फरशी उडणार नाही ना?

आपल्या उदाहरणात, चारही बाजूंनी कठडा आणि मधल्या मजल्यावरची गच्ची असताना, नाही. फटी उघड्या असल्याने फरशीच्या वरचा आणि खालचा दाब लवकर सारखा होतो. उंच इमारतीच्या अगदी वरच्या गच्चीवर, विशेषतः कोपऱ्यांत, आणि कोकण किनाऱ्यावर मात्र हिशेब करून घ्यावा. मानकात पुण्याचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबईचा ४४ मीटर धरलाय. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगडच्या किनाऱ्यावर हे वेगळं सांगावं लागत नाही. अशा ठिकाणी कडेच्या दोन ओळींत जास्त जड फरशी किंवा खालून पकडणाऱ्या क्लिपा लागतात.

कठड्याची उंची कमी होते त्याचं काय?

आउटलेटच्या बाजूला फरशी मेंब्रेनपासून १२० मिमी वर येते, म्हणून कठडा नव्या फरशीपासून पुन्हा मोजा. १ मीटरच्या खाली गेला तर वरून रेलिंग लावा. रेलिंगचे बोल्ट कठड्याच्या माथ्यावर किंवा बाहेरच्या अंगाला घ्या, आतल्या बाजूने वॉटरप्रूफिंगमध्ये भोक पाडू नका.

देखभाल काय करायची?

मे महिन्याच्या शेवटी आउटलेटवरची आणि त्याच्या शेजारच्या तीन फरश्या उचलून खालचा गाळ भांड्यात भरायचा, जाळी धुवायची. आउटलेटवरची फरशी भिंतीत अडकणार नाही अशी आधीच बसवा आणि कडेला खूण करून ठेवा. खरखरीत फरशीवर सक्शन कप धरत नाही, म्हणून फटीत घालायचा हूकवाला लिफ्टर घ्या आणि तो घरीच ठेवा. गणपतीच्या आसपास पुन्हा एकदा बघितलं तर उत्तम. फरशीखाली पाइपने जोरात पाणी मारून गाळ ढकलू नका, तो सगळा आउटलेटच्या पाइपच्या पहिल्या बाकात जाऊन बसतो.

गळती झालीच तर शोधायची कशी?

खालच्या छतावरच्या डागाची दोन भिंतींपासूनची मापं घ्या आणि ती वर गच्चीवर मोजा. डाग जिथे येतो तिथून उताराच्या वरच्या बाजूच्या, म्हणजे दाराकडच्या, सहा फरश्या उचला. मेंब्रेन सुकवून पुसा. चुन्याची पावडर किंवा टाल्क भुरभुरवून हाताने पसरवली तर बारीक चीर रेघेसारखी दिसते. चीर दिसली नाही तर ओल्या मातीचा छोटा बांध घालून तेवढ्याच तुकड्यात पाणी भरा आणि २४ तास थांबा. खाली डाग वाढला तर तुकडा सापडला, नाही वाढला तर बांध एका फरशीने वर सरकवा.

जोडकामाला जुन्याच प्रकारचा मेंब्रेन वापरा, चिरेच्या चारही बाजूंना किमान १५० मिमी चढवून. पीयू कोटिंगवर डांबरी तुकडा चिकटत नाही. त्यानंतर त्या भागात पुन्हा ७२ तास पाणी, आणि मगच पेडेस्टल त्याच जागी, नवीन चौकोनावर.